पाठलागाचा गुन्हा (भारतीय कायदा)

पाठलाग (प्रचलित इंग्रजी शब्द : स्टॉकिंग) हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७८ खालील गुन्हा आहे. एखाद्या स्त्रीने नापसंती स्पष्टपणे दर्शवूनही पुरुषाने तिच्याशी वैयक्तिक संबंध वाढविण्यासाठी तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे, अथवा तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधनांच्या वापरावर पाळत ठेवणे, अशी या गुन्ह्याची दोन रूपे आहेत. चोरी किंवा मारहाण एका घटनेने पूर्ण होते. पाठलागाचे तसे नाही. त्याचा गाभा ‘वारंवार’ या शब्दात आहे, आणि तो शब्द न्यायालयात सिद्ध करणे हीच या कलमाखालील खटल्यांतील मुख्य अडचण आहे.

तरतुदीचा उगम आणि स्वरूप

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमण्यात आली. तिने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षीच्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमाने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड समाविष्ट झाले. तोपर्यंत अशा तक्रारी विनयभंगाच्या किंवा स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या कलमांत कशाबशा बसविल्या जात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा न्याय संहितेने घेतली. त्या दिवसापूर्वीच्या कृत्यांना मात्र आजही जुनेच कलम लागू होते. पहिल्या दोषसिद्धीसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड, तर पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आहे, परंतु पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. त्यामुळे तक्रारीनंतर काही तासांतच आरोपी त्याच गल्लीत परत दिसू शकतो.

या कलमात आरोपी पुरुष व पीडित स्त्री असणे आवश्यक आहे. बालकांच्या बाबतीत लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या (पॉक्सो) कलम ११ मध्ये स्वतंत्र तरतूद असून ती मुलगा व मुलगी दोघांनाही लागू आहे. तेथेही लैंगिक हेतूने ‘वारंवार किंवा सतत’ पाठलाग, पाळत वा संपर्क असावा लागतो.

कलमाची शब्दरचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. ‘पाठलाग करतो आणि संपर्क साधतो’ असे शब्द असल्यामुळे, केवळ फोनवरून संदेश पाठविणाऱ्याने प्रत्यक्ष पाठलाग केलाच नाही, असा युक्तिवाद बचाव पक्षाला करता येतो. दुसरे, संपर्काचा उद्देश वैयक्तिक संबंध वाढविणे हा असावा लागतो. संबंध तुटल्यानंतर सूडबुद्धीने तिच्याविषयी इतरांना मजकूर पाठविणारा माणूस तिच्याशी संपर्कच साधत नाही. त्याचे कृत्य अधिक घातक असले, तरी ते या कलमात सहज बसत नाही. तेथे धाकदपटशा, बदनामी किंवा माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील अश्लील मजकुरासंबंधीचे कलम ६७ यांचा आधार घ्यावा लागतो. त्या अधिनियमातील कलम ६६-अ पूर्वी अशा तक्रारींत सर्रास लावले जाई. ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले.

‘वारंवार’ म्हणजे किती वेळा?

भारतीय कायद्यात याची संख्या दिलेली नाही. इंग्लंडमधील १९९७ च्या छळप्रतिबंधक कायद्यात ‘वर्तनक्रम’ ही संज्ञा असून, एकाच व्यक्तीच्या बाबतीत त्यासाठी किमान दोन प्रसंग लागतात. मात्र दोन प्रसंग असले की वर्तनक्रम सिद्ध झाला असे तेथील न्यायालये मानत नाहीत. लाऊ विरुद्ध डीपीपी या २००० च्या निवाड्यात, प्रसंग जितके कमी आणि त्यांच्यातील अंतर जितके जास्त, तितका त्यांचा परस्परसंबंध दुबळा, असे तत्त्व मांडले गेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात, पाठलागाचा एकच प्रसंग या गुन्ह्यासाठी पुरेसा नाही, असे म्हटले. इतर कृत्ये अन्य कलमांखाली दंडनीय ठरू शकतात, पण पाठलागासाठी पुनरावृत्तीचा पुरावा हवाच, असा त्याचा अर्थ आहे.

मालिका तुटते ती बहुधा न्यायालयात नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी. पीडितेला पहिले काही संदेश क्षुल्लक वाटतात व ती ते पुसून टाकते. पोलीस ठाण्यात एखाद्या घटनेची अदखलपात्र म्हणून नोंद होते. पुढची तक्रार दुसऱ्या ठाण्यात जाते आणि दोन्ही नोंदी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. शेवटी गुन्हा नोंदविला जातो तेव्हा फिर्यादीत ‘आरोपी गेले अनेक महिने वारंवार त्रास देत आहे’ असे एकच वाक्य लिहिले जाते. दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या वेळी ती तारखांसह प्रसंग सांगू लागते आणि उलटतपासणीत वकील विचारतात, ‘हे फिर्यादीत का नाही?’ फिर्यादीत न सांगितलेली महत्त्वाची गोष्ट न्यायालयात प्रथमच सांगणे ही साक्षीतील ‘सुधारणा’ समजली जाते व तिचे मोल घटते. खरी गोष्टही अशी खोटी भासू लागते.

एक उदाहरण

पुढील प्रकरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील अडचणी नेहमीच्या आहेत. कोल्हापुरात वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला ४ जानेवारीला जुन्या वर्गमित्राचा प्रेमाचा संदेश येतो. ‘मला यात रस नाही, कृपया मेसेज करू नकोस,’ असे ती त्याच रात्री कळविते. पुढील सोळा दिवसांत त्याच क्रमांकावरून अकरा संदेश येतात. २० जानेवारीला ती क्रमांक ब्लॉक करते आणि संतापाने सगळे संभाषण पुसून टाकते. फेब्रुवारीत इन्स्टाग्रामवरील तीन निनावी खात्यांवरून संदेश येतात. मार्चमध्ये तिच्या बँक खात्यात यूपीआयने तीन वेळा एक-एक रुपया जमा होतो, आणि प्रत्येक वेळी शेऱ्याच्या जागी ‘पाच मिनिटं बोल’ असे लिहिलेले असते. १९ मार्चला तो वसतिगृहाच्या फाटकाशी उभा दिसतो. २४ मार्चला ती तक्रार करते.

यात कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा संदेश आरोपीचा नसून तिचा स्वतःचा आहे. नकार सिद्ध झाला नाही, तर ‘जेवलीस का?’ यासारखे अकरा संदेश मैत्रीचेच ठरतात. तो नकार आता तिच्या फोनमध्ये नाही. मात्र त्या रात्री तिने त्याचा स्क्रीनशॉट खोलीतल्या मैत्रिणीला पाठविला होता. तेव्हा मैत्रीण साक्षीदार होते आणि तिचा फोन पुरावा ठरतो. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर करून सिद्ध केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु प्रत किंवा छापील नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. त्याच्या एका भागावर उपकरण ताब्यात असणाऱ्याची, तर दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही असते. त्यात SHA256 सारख्या पद्धतीने काढलेले हॅशमूल्य नमूद करतात. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते, म्हणून नंतरची फेरफार उघड होते.

फेब्रुवारीतील खाती हा सर्वांत कच्चा दुवा. ती कोणी उघडली हे ठरविण्यासाठी कंपनीकडून नोंदणीचा तपशील व लॉगिनचे आयपी पत्ते मागवावे लागतात. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार खाते बंद झाल्यानंतर नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यानंतर ती मिळेल याचा भरवसा नाही. आयपी पत्ता मिळाला तरी मोबाइल इंटरनेटवर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. नेमका ग्राहक शोधण्यासाठी पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळविण्याचे तपासात राहून गेले, तर भलत्याच माणसाचे नाव पुढे येते.

एक रुपयाचे व्यवहार मात्र आरोपीला महागात पडतात. यूपीआयमागे बँक खाते असते आणि खात्यामागे ओळखपत्रे. बँकेचा उतारा बँकर्स बुक्स पुरावा अधिनियमाखालील प्रमाणपत्रासह सहज दाखल होतो. क्रमांक ब्लॉक झाल्यावर त्याने वाट बदलली, यावरूनच नकार त्याला कळला होता असा निष्कर्ष काढता येतो. फेब्रुवारीच्या संदेशांतही ‘पाच मिनिटं बोल’ हेच शब्द असतील तर त्या खात्यांकडे बोट जाते, पण तो केवळ अनुमानाचा धागा आहे. त्यावरच दोषसिद्धी उभारता येणार नाही.

फाटकाशी उभे राहण्याचा प्रसंग किरकोळ दिसतो, तरी ‘पाठलाग करतो’ या शब्दांसाठी तोच उपयोगी आहे. सीसीटीव्हीचे चित्रण अनेक ठिकाणी काही आठवड्यांतच नव्या चित्रणाखाली पुसले जाते. म्हणून तक्रारीच्याच दिवशी ते जप्त करणे, निदान जपून ठेवण्याचे पत्र देणे आवश्यक असते. मोबाइल मनोऱ्याच्या नोंदींवरून आरोपी त्या परिसरात होता एवढेच कळते, फाटकाशी होता हे नव्हे.

अशा रीतीने निनावी खाती बाजूला ठेवली तरी नकारानंतरचे अकरा संदेश, तीन व्यवहार आणि एक प्रत्यक्ष हजेरी असा तारीखवार क्रम उरतो. तीन वेगवेगळ्या मार्गांनी, अडीच महिन्यांत, एकाच मागणीसाठी केलेले हे वर्तन ‘वारंवार’ या शब्दात बसते असे सरकार पक्षाला म्हणता येईल. तोच स्क्रीनशॉट नसता, तर जानेवारीचा सारा भाग तिच्या तोंडी साक्षीवर विसंबला असता. तोंडी साक्ष कायद्याने त्याज्य नाही. परंतु ‘तीही उत्तरे देत होती’ हा बचाव खोडून काढायला मग कागद उरत नाही.

बचाव आणि मर्यादा

गुन्ह्याचा प्रतिबंध वा तपास शासनाने सोपविला असल्यास, कायद्यानुसार कृती केली असल्यास, किंवा परिस्थितीत ते वर्तन वाजवी व समर्थनीय असल्यास तो पाठलाग ठरत नाही. यांतील तिसऱ्या अपवादाची व्याप्ती बरीच सैल आहे. मुलांचा ताबा किंवा उसने पैसे यांसाठी केलेले फोन या सबबीखाली पुढे केले जातात आणि काही वेळा ते खरेही असतात. म्हणून संपर्काची संख्या मोजताना त्यातील मजकूर व वेळ पाहावी लागते.

कमाल शिक्षा तीन वर्षांची असल्याने न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यास तीन वर्षांची मुदत आहे. प्रदीर्घ मालिकेतील जुने प्रसंग या मुदतीबाहेर गेले, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षा मागणे कठीण होते. मुदतीतील प्रसंगांमागचा हेतू आणि आरोपीला नकाराची असलेली जाणीव दाखविण्यासाठी मात्र ते सांगता येतात. अशा वेळी पहिल्या नकाराची तारीख जुन्या भागात पडली असली, तरी फिर्यादीत ती लिहून घेणे तपासी अधिकाऱ्याच्या हाती असते.