एका तबकडीवर दोन सूर्य

गिरगावातल्या आमच्या जुन्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ आता नाही. खोली रिकामी करताना ते विकलं गेलं. उरलेत ते मी २५ डिसेंबर २००८ ला चाळीच्या गच्चीवर काढलेले डझनभर फोटो. दक्षिणेकडच्या भिंतीवर खिळा ठोकून घड्याळ टांगलं, मोबाइलवर बघून वेळ लावली, काचेचं दार उघडलं आणि साडेबारानंतर फोटो काढत गेलो. त्यातला सगळ्यात चांगला निघाला तो १२:३९ चा.

मागच्या महिन्यात बाबांना तो फ्रेम करून द्यायचं ठरवलं. बाबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "आपलं घड्याळ असं नव्हतं. आजोबा ते मुंबई टायमाला लावायचे."

आता हा मुंबई टाइम काय प्रकार होता ते थोडक्यात. सूर्य मुंबईच्या बरोब्बर दक्षिणेला आला की दुपारचे बारा, असा सरासरीने धरलेला या शहराचा स्वतःचा वेळ होता. तो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ साली सरकारने ५ तास ३० मिनिटांचा प्रमाणवेळ लागू केला, म्हणजे मुंबईकरांना घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायला सांगितली. लोक चिडले. गिरणी कामगारांच्या बाजूने बघा: भोंगा घड्याळाने होणार, पण सूर्य काही ३९ मिनिटं लवकर उगवणार नाही, म्हणजे अंधारातच घर सोडा. गिरण्यांमध्ये संप झाले. महापालिकेत फिरोजशहा मेहतांसारखी माणसं नव्या वेळेच्या विरोधात उभी राहिली आणि त्याच वर्षी पालिकेने आपल्या घड्याळांसाठी मुंबई टाइमच कायम ठेवला. रेल्वेचं घड्याळ एक आणि पालिकेचं दुसरं, असा संसार १९५० च्या दशकापर्यंत चालला. आमचे आजोबा पालिकेच्या पक्षाचे, हे मला आत्ता कळलं.

म्हटलं, सोपं आहे. १२:३९ मधून ३९ वजा केले की बरोबर बारा. काटे फिरवून देतो.

पहिला प्रयत्न एका तासात संपवला. मिनिट काटा त्याच्या सावलीसकट कापला, मधल्या आसाभोवती २३४ अंश मागे फिरवला. तास काटा १९.५ अंश मागे. (तास काटा हलवायला बरेच जण विसरतात, मग पावणेएकच्या तास काट्यावर बाराचा मिनिट काटा बसतो.) दोन्ही काटे छान वर उभे राहिले. पण फोटो बघवेना. काहीतरी घाण झालंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

मग सावल्या नीट पाहिल्या. मूळ फोटोत दोन्ही काट्यांची सावली सरळ खाली पडली होती. मी काट्याबरोबर सावलीही फिरवल्यामुळे मिनिट काट्याची सावली आता डावीकडे वर गेली होती आणि तास काट्याची खाली, किंचित उजवीकडे. म्हणजे मिनिट काट्यावर ऊन खालून येतंय आणि तास काट्यावर वरून. एका तबकडीवर दोन सूर्य! काटा आसाभोवती फिरतो, पण सावलीचं सरकणं उन्हाच्या दिशेने ठरतं आणि ऊन काही आसाभोवती फिरत नाही.

अशी चूक करणारा मी एकटा नाही, हे एक समाधान. २०१२ साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या संकेतस्थळावर प्रमुख धर्मगुरू किरील यांचा एक फोटो होता. त्यांच्या मनगटावरचं महागडं घड्याळ कुणीतरी सफाईने पुसलं होतं, पण चकचकीत टेबलावरचं त्याचं प्रतिबिंब तसंच राहिलं. लोकांनी पकडलं, चर्चला माफी मागून मूळ फोटो परत लावावा लागला. वस्तू पुसणारा वस्तूकडे बघत असतो, ती वस्तू प्रकाशाचं काय करते तिकडे त्याचं लक्ष नसतं.

दुसऱ्या प्रयत्नात आधी तबकडी पूर्ण रिकामी केली. काटे आणि सावल्या दोन्ही पुसून शेजारचा पांढरा भाग भरला. मिनिट काटा सात आणि आठच्या रोमन आकड्यांमध्ये होता, त्याची सावली आठाच्या आकड्यावरून जात होती, तेवढं हाताने दुरुस्त केलं. मग काटे सावलीशिवाय कापून वेगवेगळ्या लेयरवर ठेवले आणि फिरवले. सावली सगळ्यात शेवटी: फिरवून झालेल्या काट्याची काळी प्रत करायची आणि ती सरळ खाली सरकवायची.

किती सरकवायची? ते काटा तबकडीपासून किती उंच आहे त्यावर. तास काटा साधारण ३ मिलिमीटर वर होता, मिनिट काटा त्याच्याही वर, ६ वर. डिसेंबरअखेर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर सावली उंचीच्या १.१ पट खाली पडते. माझ्या फोटोत १ मिलिमीटरला १० पिक्सेल. म्हणजे तास काट्याला ३३, मिनिट काट्याला ६६. मूळ फोटोत मोजलं तर ३४ आणि ६५ निघाले, जीव भांड्यात पडला. दोन्ही काट्यांना एकच आकडा दिला असता तर काटे तबकडीवर चिकटवल्यासारखे दिसले असते.

सावलीची कडही बघावी लागते. सॉफ्टवेअर आपणहून मऊ, धुरकट सावली देतं. पण सूर्याचं बिंब आकाशात अर्धाच अंश रुंद असतं, त्यामुळे एवढ्या कमी उंचीवरून पडणारी कड १ पिक्सेलच्या आसपासच पुसट होते. धुरकट सावली ढगाळ दिवसाची, किंवा खोलीतल्या ट्यूबलाइटची.

यात एक शंका मला दोन दिवस छळत होती. ३९ मिनिटांत सूर्य जवळपास १० अंश सरकतो. मग वेळ बदलली तर सावलीही बदलायला नको का? कुणी १२:३९ च्या फोटोत काटे फिरवून "हा बाराचा फोटो" म्हणून खपवणार असेल तर नक्कीच बदलायला हवी, आणि न बदलल्यास तो तिथेच पकडला जाईल. पण मी तसं करत नव्हतो. क्षण तोच, ऊन तेच, फक्त त्या क्षणाला आजोबा वेगळं नाव देत होते. २५ डिसेंबरच्या सुमारास सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ जवळजवळ जुळतात. म्हणून १२:३९ ला सूर्य मुंबईच्या बरोबर दक्षिणेला होता आणि सावली सरळ खाली पडत होती. फोटोत मुंबई टायमाचे बारा आधीपासूनच वाजलेले होते, फक्त काटे प्रमाणवेळेला लावलेले होते.

सावल्या खाली सरकवल्या आणि त्या गायबच झाल्या! काटे सरळ उभे, सावली सरळ खाली, त्यामुळे प्रत्येक काट्याची सावली त्याच्याच अंगाखाली. मिनिट काट्याच्या शेपटीखाली थोडी, तास काट्याच्या बदामी फुगवट्याखाली थोडी आणि मधल्या गोल टोपीखाली एक चंद्रकोर, बस्स. मी घाबरून लेयर उघड-बंद करून पाहिले. सगळं बरोबर होतं.

फ्रेम बाबांना दिली. त्यांनी चष्मा वर करून, अगदी जवळ नेऊन पाहिली. मी म्हटलं, "बाबा, सावली टाकलीय हं, पण ती दिसत नाही."

"बारा वाजता कुठली आलीय सावली," म्हणाले, आणि खिळा कुठे ठोकायचा ते शोधायला लागले.