अर्धच्छेद आणि शून्याचा घातांक

हिंगण्यात आमच्या शेजारी सातवीत शिकणारी एक मुलगी आहे. घातांकाचा धडा करताना ती अडली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. “काका, दोनचा घात पाच म्हंजे दोन पाच वेळा घेऊन गुणायचा. घात शून्य म्हंजे दोन एकदाई घ्यायचा नाही. मंग तं शून्यच येईन ना? पुस्तकात एक कसा?”

शाळेत तिला मिळालेले उत्तर नेहमीचे होते. ८ला ८ने भागले तर १ येतो. घातांकाच्या नियमाने पाहिले, तर २चा तिसरा घात भागिले २चा तिसरा घात, म्हणून घातांकांची वजाबाकी, तीन वजा तीन, शून्य. दोन्ही उत्तरे एकाच भागाकाराची, म्हणून २चा घातांक शून्य असताना किंमत १. मुलीने हे पाठ केले होते, पण तिचे समाधान झाले नव्हते. माझ्या मते तिचे असमाधान योग्य होते. वजाबाकीचा हा नियम आपण सिद्ध केलेला असतो तो वरचा घातांक खालच्यापेक्षा मोठा असताना. घातांक समान असतानाही तो चालेल, हे वरच्या युक्तिवादात गृहीत धरलेले आहे. म्हणजे ही सिद्धता नव्हे. नियम मोडू नये अशी इच्छा असेल तर किंमत कोणती ठरवावी लागेल, एवढेच ती सांगते. मुलांना मात्र ती सिद्धता म्हणून दिली जाते.

या प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी वाट विदर्भातच छापल्या गेलेल्या एका ग्रंथात आहे. ‘षट्खंडागम’ या जैन आगमग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला ‘धवला’ नावाची प्राकृत-संस्कृत मिश्र टीका लिहिली. तिच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतके कर्नाटकात मूडबिद्रीला जपून ठेवलेल्या होत्या आणि फार थोड्यांना त्या पाहायला मिळत. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय झालेल्या संस्थेत, संस्कृत शिकवणारे प्रा. हीरालाल जैन यांनी ही टीका संपादित करायला घेतली. तिचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला. पुढे संपादक नागपूरला आले, आणि १९५९पर्यंत १६ खंड पूर्ण झाले. १९४२च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर इंग्रजी निबंध लिहिला. त्यामुळे ‘अर्धच्छेद’ ही कल्पना गणिताच्या अभ्यासकांसमोर आली.

अर्धच्छेद म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती मोजणी. ३२ घ्या. ३२चे १६, १६चे ८, ८चे ४, ४चे २, २चा १. पाच वेळा निम्मे केले, म्हणून ३२चे अर्धच्छेद ५. तसेच ८चे ३. आता ३२ आणि ८ यांचा गुणाकार २५६. तो निम्मा करत गेलो तर १२८, ६४, ३२ असे तीन टप्प्यांत ३२पर्यंत येतो आणि तिथून पाच टप्प्यांत १पर्यंत. एकूण आठ. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, आणि भागाकाराचे म्हणजे वजाबाकी, हे दोन्ही नियम धवलेत आहेत. आपण सातवीत घातांकाचे नियम म्हणून शिकतो ते हेच, फक्त उलट्या बाजूने पाहिलेले. तीनने भाग देत मोजायचे असेल तर त्यासाठी ‘त्रिकच्छेद’ असा वेगळा शब्दही तिथे आहे.

या वाटेने शेजारच्या मुलीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. ३२चे पाच, १६चे चार, ८चे तीन, ४चे दोन, २चा एक. आणि १चे किती? आपल्याला १पर्यंतच पोहोचायचे आहे आणि आपण तिथे उभेच आहोत. निम्मे करण्याची एकही खेप लागत नाही, म्हणून शून्य. धवलेत आजच्यासारखी घातांकाची खूण नाही. वरची पायरी मी त्या मोजणीवरून चढलो आहे. पण इथे शून्य हे कोणी ठरवून दिलेले उत्तर राहत नाही, ते मोजून मिळते.

मुलीचा घोटाळा कुठे होता, तेही यातून कळते. ‘दोन पाच वेळा घेऊन गुणणे’ या व्याख्येत गुणाकार कुठून सुरू झाला ते सांगितलेले नाही. तिने नकळत शून्यापासून सुरुवात धरली, कारण बेरजेत तसेच होते. गुणाकाराची सुरुवात १पासून होते. वर्तमानपत्राचा कागद घेऊन तो घडी करत गेलो तर थर २, ४, ८ असे वाढतात. एकही घडी घातली नाही तर कागद नाहीसा होत नाही, एक थर असतोच.

युरोपातही ही गोष्ट पोथीतच अडकली होती. फ्रान्समध्ये लिऑन इथे राहणाऱ्या निकोला शुके याने १४८४ साली लिहिलेल्या ग्रंथात साध्या संख्येच्या डोक्यावर बारीक शून्य लिहिले आहे. अज्ञात राशी तिच्याशी एकदाही गुणलेली नाही, असा त्याचा अर्थ. त्याने २च्या घातांची यादी दिली, तिची सुरुवात १ने केली आणि १समोर ० मांडले. तो ग्रंथ छापला गेला १८८०मध्ये. दरम्यान १५४४ साली जर्मन गणिती मिखाएल श्टिफेल याने ही रांग शून्याच्या खाली नेली. अर्ध्यासमोर उणे एक, पावासमोर उणे दोन. निम्मे करणे १पाशी थांबवले नाही की हेच होते.

या मोजणीला मर्यादा आहेत. १२ घेतले तर ६, ३ आणि पुढे दीड. १ कधी सापडतच नाही. म्हणून मुलांसमोर ती पायाच्या पूर्ण घातांपुरतीच ठेवावी. पाया शून्य असेल तर ती सुरूच होत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. पाठ्यपुस्तकातली ‘पाया शून्य नसावा’ ही अट त्यासाठीच आहे. शून्याच्या शून्याव्या घाताला १८२१मध्ये फ्रेंच गणिती कोशी याने अनिश्चित रूपांच्या यादीत घातले.

समजले की पाठ झाले, हे ओळखायला दोन छोटी गणिते पुरतात. ७चा शून्यावा घात अधिक ७चा शून्यावा घात किती? पाठांतर करणारे मूल ‘शून्य घात म्हणजे १’ म्हणून एकदाच १ लिहिते, किंवा १४ लिहिते. उत्तर २ आहे. दुसरे, ३ गुणिले ५चा शून्यावा घात. इथे घातांक फक्त ५वर आहे, म्हणून उत्तर ३. दोन्ही कंसात घालून घातांक बाहेर लिहिला तर मात्र १.

शेजारच्या मुलीने पहिले गणित लगेच केले. दुसऱ्यात तिने १ लिहिला, जरा थांबली, आणि वहीत ५भोवती गोल काढून घातांक कोणाचा आहे ते स्वतःच पाहिले. मग १ खोडून ३ लिहिला. जाताना तिने विचारले, “काका, एक निम्मा केला तं उणे एक येते का?” मी वहीच्या कोऱ्या पानावर १च्या खाली अर्धा लिहून ठेवला आणि समोरची जागा तिच्यासाठी रिकामी सोडली.