घाऊक सवलतीसह आर्थिक आदेश परिमाण

घाऊक सवलतीसह आर्थिक आदेश परिमाण हे साठा व्यवस्थापनातील एक गणिती प्रारूप आहे. पुरवठादार मोठ्या खरेदीवर दर कमी करत असेल, तर एका वेळी किती माल मागवल्यास वार्षिक एकूण खर्च सर्वांत कमी होईल, हे त्यावरून ठरवता येते. याचे मूळ प्रारूप फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. त्यात दर स्थिर असल्याने मालाची किंमत तुलनेतून वगळता येते. सवलतीच्या प्रारूपात मात्र ती धरावीच लागते.

== सूत्रे ==
```
Q = √(2DS / iP)
TC = DP + (D/Q)S + (Q/2)iP
```
येथे D ही वार्षिक मागणी, S हा प्रत्येक आदेशाचा खर्च, P हा दर, i हे साठवणूक खर्चाचे दराशी असलेले वार्षिक प्रमाण, Q हे आदेश परिमाण आणि TC हा वार्षिक एकूण खर्च होय.

== रीत ==
प्रत्येक दरासाठी Q काढतात. ते त्या दराच्या टप्प्यात बसले, तर तेच घेतात. ते टप्प्याच्या किमान संख्येहून कमी आले, तर ती किमान संख्या घेतात. कारण Q च्या पुढे खर्च वाढतच जातो. ते टप्प्याच्या वर गेल्यास तो दर सोडून देतात. उरलेल्या पर्यायांच्या एकूण खर्चाची तुलना करतात.

== उदाहरण ==
एका छापखान्याला वर्षाला ३,६०० रीम कागद लागतो. प्रत्येक आदेशाचा खर्च ४०० रुपये आणि साठवणूक खर्च दराच्या २० टक्के आहे. ३०० रीमपेक्षा कमी खरेदीस दर २५० रुपये, ३०० ते ९९९ रीमना २४० रुपये आणि १,००० किंवा अधिक रीमना २३८ रुपये आहे. सूत्रानुसार Q अनुक्रमे २४०, २४५ आणि २४६ येते. त्यांपैकी केवळ पहिले आपल्या टप्प्यात बसते. म्हणून २४०, ३०० आणि १,००० या संख्यांची तुलना करावी लागते.

* २४० रीम : ९,००,००० + ६,००० + ६,००० = ९,१२,००० रुपये
* ३०० रीम : ८,६४,००० + ४,८०० + ७,२०० = ८,७६,००० रुपये
* १,००० रीम : ८,५६,८०० + १,४४० + २३,८०० = ८,८२,०४० रुपये

३०० रीम हे परिमाण सर्वांत किफायतशीर ठरते. सर्वांत कमी दर येथे सर्वांत कमी खर्चाचा ठरत नाही. ३०० ऐवजी १,००० रीम मागवल्यास कागदाच्या किमतीत ७,२०० आणि आदेश खर्चात ३,३६० रुपये वाचतात. परंतु साठवणूक खर्च १६,६०० रुपयांनी वाढतो. तिसरा दर सुमारे २३६.३७ रुपयांहून खाली आला, तरच १,००० रीम मागवणे परवडेल.

== नेहमीची चूक ==
२३८ रुपये दराने २४६ रीम धरल्यास एकूण खर्च सुमारे ८,६८,५०८ रुपये, म्हणजे तिन्ही पर्यायांहून कमी दिसतो. मात्र त्या संख्येला तो दर मिळतच नाही, त्यामुळे हा आकडा निरर्थक आहे.

== मर्यादा ==
वरील रीत सवलतीचा दर संपूर्ण आदेशाला लागू होतो तेव्हाचीच आहे. सवलत केवळ मर्यादेपलीकडील नगांना मिळत असल्यास सरासरी दर परिमाणानुसार बदलतो आणि वेगळे सूत्र वापरावे लागते. तसेच वर्षभर मागणी एकसारखी राहील आणि साठवलेला माल खराब होणार नाही, असे या प्रारूपात गृहीत धरलेले असते.