सहा बाय सहा म्हणजे नेमके काय मोजले?

नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर ६/६ दिसले की आपण ते पैकीच्या पैकी गुण समजतो, आणि ६/६० दिसले की दृष्टीचा दहावा हिस्साच उरला असे धरून चालतो. दृष्टिमापनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाने हा समज उंबरठ्यावरच ठेवावा. हे दोन आकडे म्हणजे दोन अंतरे आहेत. वरचा आकडा सांगतो, तपासणी किती मीटरवरून झाली; खालचा सांगतो, तीच ओळ प्रमाण मानलेला डोळा किती मीटरवरून वाचतो. ६/६० असलेल्या माणसाला, इतरांना साठ मीटरवरून ओळखू येणारे अक्षर सहा मीटरवर यावे तेव्हा ओळखू येते.

हे प्रमाण ठरवले हेर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने, १८६२ साली, उट्रेख्टमध्ये. त्याने प्रत्येक अक्षर पाच बाय पाच घरांच्या जाळीत बसवले आणि रेघेची जाडी एका घराएवढी ठेवली. अंशाचे साठ भाग केले की एका भागाला मिनिट म्हणतात. नेमून दिलेल्या अंतरावरून रेघेची जाडी डोळ्याशी एक मिनिटाचा कोन करते आणि अख्खे अक्षर पाच मिनिटांचा. हिशेब केला तर ६/६ च्या ओळीतले अक्षर पावणेनऊ मिलिमीटरांच्या आसपास उंच भरते, आणि सर्वांत वरचे, ६/६० चे अक्षर त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे ८७ मिलिमीटर. आपल्याकडच्या लहान खोल्यांत तीन मीटरवर आरसा लावून तक्ता उलट्या अक्षरांत छापतात, त्याचे कारणही हेच: प्रकाशाचा प्रवास सहा मीटर भरला पाहिजे. पाच मिनिटांचा हा कोन म्हणजे डोळ्याची कमाल कुवत नव्हे. निरोगी तरुण डोळे ६/५, कधी ६/४ ची ओळही वाचतात.

जुन्या तक्त्यात एक उणीव आहे आणि ती किरकोळ नाही. वरच्या ओळीत एकच अक्षर, खाली मात्र दाटी. शिवाय ६/६० नंतर एकदम ६/३६ येते. ज्यांची दृष्टी फार कमी आहे त्यांच्यासाठीच मापाच्या खुणा सर्वांत विरळ. बेली आणि लव्ही यांनी १९७६ मध्ये प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आणि ओळींमध्ये समप्रमाणात घट ठेवून ही अडचण दूर केली. संशोधनात आज त्याच धर्तीचे तक्ते वापरतात.

आता कायद्याकडे येऊ. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार, शक्य तितकी सुधारणा करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती अंध ठरते. ‘सुधारणा करूनही’ ही अट कळीची आहे. मोठ्या मायनस नंबरच्या माणसाला चष्मा काढल्यावर तक्त्यावरचे पहिले अक्षरही दिसणार नाही, पण चष्मा लावून तो ६/६ वाचत असेल तर कायद्याच्या लेखी त्याला काही झालेले नाही. साधी सुई-छिद्राची चाचणीही हा फरक दाखवते: बारीक भोकातून पाहताच माणूस दोन-तीन ओळी खाली उतरला, तर दोष बहुधा नंबरचा असतो.

याच व्याख्येत दुसरी वाट आहे आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी असेल, तरीही व्यक्ती अंध ठरते, मग तक्ता ती कितीही खाली वाचो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजाराचे उदाहरण घ्या. समजा, अशा रुग्णाचे क्षेत्र आठ अंश उरले आहे. सहा मीटरवर त्याला सुमारे ८४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते. पावणेनऊ मिलिमीटरचे अक्षर त्यात आरामात मावते, म्हणून तो ६/६ वाचून दाखवतो. दोन मीटरवर मात्र ते वर्तुळ २८ सेंटिमीटर उरते: समोरच्याचा चेहरा दिसतो, पण त्याच वेळी पायाखालची पायरी, बाजूने येणारी सायकल आणि पुढे केलेला हात दिसत नाहीत. तक्ता फक्त नजरेच्या मध्यबिंदूची बारकाई मोजतो, तीही पांढऱ्यावर काळ्या, ठसठशीत अक्षरांवर. कडेचे क्षेत्र मोजायला पेरिमेट्री लागते: माणूस एका बिंदूवर नजर खिळवून बसतो आणि आजूबाजूला उमटणारे प्रकाशठिपके दिसले की बटण दाबतो.

काचबिंदूतही बहुधा आधी कडा जाते आणि मध्य बराच काळ टिकतो. तेव्हा ६/६ आले म्हणून काचबिंदू नाही, असा निष्कर्ष काढू नये.

कायद्याने अंध ठरलेल्या अनेकांना प्रकाश, रंग, आकार, कधी बारीक अक्षरेसुद्धा दिसतात. पांढरी काठी घेऊन गाडीत चढलेला माणूस मोबाइलवर मजकूर वाचताना दिसला, तर त्याला ढोंगी म्हणण्याआधी हे आठ अंश आठवावेत, एवढी वाचकाला विनंती.