इलाजाची मुदत : एका कलमाची कुळकथा

व्यापारी करारनाम्याच्या अखेरच्या पानांवर बहुधा एक कलम असते, ज्याचा मथितार्थ असा की एका पक्षाकडून कसूर झाल्यास दुसऱ्याने ती कसूर नेमकी दाखवून लेखी नोटीस द्यावी, आणि नोटीस पोहोचल्यापासून तीस किंवा साठ दिवसांत ती दूर झाली नाही तरच करार संपुष्टात आणावा. वकीलमंडळी या अवधीला 'क्युअर पीरियड' म्हणतात, आणि मीही बरीच वर्षे ते अलीकडच्या अमेरिकन व्यापाऱ्यांचे अपत्य समजत होतो. परंतु एका संध्याकाळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११४-अ आणि १८८१ सालच्या इंग्लिश कन्व्हेयन्सिंग कायद्याचे कलम १४ ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तेव्हा अभिहस्तांतरण करणे, पोटभाड्याने देणे, ताबा सोडणे आणि विल्हेवाट लावणे ही चार क्रियापदे दोन्हींत त्याच क्रमाने आलेली दिसली, आणि या कलमाचे मूळ घर भाडेपट्ट्यात आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

जुन्या इंग्लिश कायद्यात पट्ट्याची शर्त मोडली की मालकाला पुनःप्रवेशाचा हक्क तत्क्षणी प्राप्त होई. भाडे थकले असेल तर न्यायबुद्धीची न्यायालये, म्हणजे चॅन्सरी, मध्ये पडत, कारण थकबाकी व्याजासह चुकती केली की मालकाचे काही बुडत नाही असा त्यांचा हिशेब होता. परंतु दुरुस्तीची शर्त मोडणाऱ्या पट्टेदाराला हीच सवलत देण्यास लॉर्ड एल्डन यांनी १८११ साली हिल विरुद्ध बार्कले या खटल्यात नकार दिला. छप्पर वेळेवर शाकारले नाही एवढ्यावरून अनेक वर्षांचा पट्टा जावा, ही स्थिती पुढे सत्तर वर्षे टिकली. १८८१ च्या कलमाने तिला बांध घातला : मालकाने आधी नोटीस द्यावी, तीत विशिष्ट शर्तभंग सांगावा, तो इलाज करण्याजोगा असल्यास इलाज करण्यास फर्मावावे, नुकसानभरपाई मागावी, आणि वाजवी मुदतीत पट्टेदाराने तसे केले नाही तरच पुनःप्रवेशाचा हक्क बजावावा. हक्क आणि त्याची बजावणी यांच्यामध्ये कालावधीची एक भिंत उभी राहिली, ती अशी. मात्र त्याच कलमाने वरील चार क्रियापदांनी सांगितलेल्या शर्ती, म्हणजे जागा परस्पर दुसऱ्याच्या हाती जाऊ नये अशा शर्ती, या संरक्षणाबाहेर ठेवल्या.

आता वंशावळीतील चमत्कारिक गाठ पाहावी. हिंदुस्थानचा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा, म्हणजे इंग्लिश कायद्याहून एकाच वर्षाने धाकटा. तरी त्याच्या कलम ११४ ने सवलत दिली ती केवळ थकलेल्या भाड्यापुरती, आणि इतर शर्तभंगांसाठी नोटिशीचे कलम ११४-अ घालण्यास १९२९ साल उजाडले. दरम्यान १९२५ च्या कायद्याने इंग्लंडने आपला अपवाद काढून टाकला होता आणि पोटभाड्याच्या शर्तीही नोटिशीच्या कक्षेत आणल्या होत्या. आपण मात्र चार वर्षांनंतर तोच टाकून दिलेला अपवाद त्याच चार क्रियापदांसह उचलला. कोणी म्हणेल की आपल्या कायदेकर्त्यांनी हे जाणूनबुजून केले, कारण परक्या माणसाच्या ताब्याची भीती येथील मालकाला अधिक वाटत असे. हा तर्क अगदीच टाकाऊ नाही. परंतु नवीन धोरण नव्या शब्दांत बोलते, आणि येथे 'जमीन' या शब्दाच्या जागी 'मालमत्ता' एवढाच काय तो ठळक फरक दिसतो. म्हणून मसुदाकाराच्या मेजावर १९२५ चा नव्हे तर १८८१ चा पाठ उघडा होता, असेच मी मानतो. नुकसानभरपाईची मागणी मात्र त्याने गाळली, आणि थकलेल्या भाड्याच्या शर्तीला या कलमातून वगळले.

कलमाचा प्राण 'इलाज करण्याजोगा' या शब्दांत आहे. मूळ इंग्रजी शब्द 'रेमेडी' लॅटिनमधील रोग बरा करणे या अर्थाच्या 'मेदेरी' या धातूपासून आला. अमेरिकेने पत्करलेला 'क्युअर' हा लॅटिन 'कूरा' म्हणजे काळजी याचा वंशज, आणि आपला 'इलाज' अरबीतून फारसीमार्गे आलेला, ज्याचा मूळ अर्थ औषधोपचार असून आपण त्याला 'नाइलाज' या रूपाने निरुपायाचाही अर्थ दिला. शर्तभंग हा रोग आहे आणि करार हा रोगी, ही कल्पना म्हणजे नुसता शब्दालंकार नव्हे, कारण काही रोग बरे होत नाहीत हे कायद्यालाही मान्य करावे लागते. रग्बी स्कूल विरुद्ध टॅनाहिल या खटल्यात लंडनमधील जागेचा उपयोग वेश्याव्यवसायासाठी झाल्याचे सिद्ध झाले, तेव्हा न्यायालयाने ठरविले की तो व्यवसाय बंद केला तरी जागेला लागलेला कलंक पुसला जात नाही, म्हणून इलाजाची मागणी नोटिशीत नसली तरी ती नोटीस वैधच होय.

या कुळकथेला एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो जर्मन आहे. १९०० साली अंमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेच्या तत्कालीन कलम ३२६ नुसार, एक पक्ष कसूरदार झाल्यावर दुसऱ्याने त्याला वाजवी वाढीव मुदत द्यावी आणि तीनंतर काम स्वीकारणार नाही असे बजावावे, असा नियम २००२ पर्यंत होता. या मुदतीचे नाव 'नाखफ्रिस्ट', म्हणजे नंतरची मुदत. अमेरिकन एकरूप व्यापारी संहितेचे प्रमुख शिल्पकार कार्ल ल्युएलिन यांनी कुमारवयात जर्मनीत शिक्षण घेतले होते आणि पुढे लाइप्झिग येथे अध्यापनही केले होते, त्यामुळे 'क्युअर' ही तिकडचीच देणगी असे सांगण्याचा मोह होतो. मला तो मानवत नाही. त्या संहितेच्या कलम २-५०८ मध्ये सदोष माल परत आल्यावर इलाज करण्याचा मनोदय कळवितो तो चुकलेला विक्रेता. करारनाम्यातील कलमात मात्र नोटीस येते ती दुखावलेल्या पक्षाकडून, अगदी घरमालकाच्या नोटिशीप्रमाणे. जर्मन नोटिशीची दिशा आपल्याशी जुळते खरी, पण तिच्यात इलाजाचा शब्द नाही, तो भाडेपट्ट्यात आहे. आणि कुळ ठरविताना शब्द व दिशा दोन्ही जुळली पाहिजेत. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात थकबाकीच्या दाव्यापूर्वी जी एक महिन्याची नोटीस होती, व १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात जी नव्वद दिवसांची झाली, ती याच घराण्यातील.

व्यापारी करारात या कलमाने करार मोडण्याचा हक्क कसा बदलला, याचा उत्तम दाखला म्हणजे शूलर विरुद्ध विकमन, ज्याचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७३ साली दिला. जर्मन यंत्रनिर्माते शूलर यांनी मे १९६३ च्या कराराने विकमन या इंग्लिश कंपनीला आपल्या प्रेसयंत्रांची विक्री सोपविली. विकमनच्या प्रतिनिधीने सहा ठरावीक कारखान्यांना दर आठवड्यास भेट द्यावी, असे कलम ७ म्हणे, आणि ही 'कंडिशन' म्हणजे मूलभूत शर्त आहे असेही त्यात नमूद होते. कलम ११ म्हणे की महत्त्वाचा शर्तभंग लेखी कळवूनही साठ दिवसांत दूर झाला नाही, तर करार संपुष्टात आणता येईल. काही भेटी चुकल्या, आणि शूलर यांनी कलम ७ चा आधार घेऊन, साठ दिवसांची वाट न पाहता, करार संपविला. लॉर्ड रीड यांनी हिशेब असा मांडला : कराराच्या पूर्ण मुदतीत सुमारे दीड हजार भेटी होणार, त्यांतील एखादी चुकताच सारा करार संपावा असा अर्थ दोन शहाण्या व्यापाऱ्यांनी मनात धरला असेल हे असंभाव्य आहे, विशेषतः शेजारीच इलाजाची मुदत लिहिलेली असता. गेलेली भेट परत आणता येत नाही, मग ती कशी दुरुस्त व्हावी, या आक्षेपावर त्यांचे उत्तर भाडेपट्ट्यांच्या न्यायालयातही शोभावे असे होते : इलाज म्हणजे झालेले नुकसान पुसणे असाही अर्थ होईल, परंतु येथे तो पुढे सारे सुरळीत करणे एवढाच घ्यावा. लॉर्ड विल्बरफोर्स यांचे मत निराळे पडले. 'कंडिशन' असे लिहिले असता न्यायालयाने त्याला दुसरा अर्थ का द्यावा, हा त्यांचा प्रश्न सोपा नाही, आणि मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असा आहे. परंतु बहुमत विकमनच्या बाजूचे होते, आणि शूलर यांनी केलेली समाप्ती बेकायदेशीर ठरली.

आपल्याकडे हाच प्रश्न अद्याप १८८१ च्या छायेत आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम जेथे लागू पडतो, तेथे छप्पर न शाकारणाऱ्या पट्टेदाराला ते शाकारण्याची मुदत मिळते. पट्ट्यातील मनाई मोडून जागा पोटभाड्याने देणाऱ्याला मात्र कलम १११ अन्वये पट्टा संपविण्याच्या इराद्याची लेखी नोटीस तेवढी मिळते, इलाजाची मुदत मिळत नाही.