एक जूनला जन्मलेली माणसं

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळेचे दाखले पाहावेत. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा भेटते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोर सहा वर्षांचं दिसलं की गुरुजी नाव घालायचे आणि वयाचा हिशेब बसेल अशी तारीख टाकून मोकळे व्हायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदाच मुळी १९६९चा. त्याआधी जन्मलेल्यांच्या बाबतीत गुरुजींचा अंदाज हाच जन्माचा दाखला.

हा अंदाज पुढे पैशात मोजला जाणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानी असण्याचं कारण नव्हतं. कारण म्हातारपण गावात तारखेनं येतच नसे. सून घरात आली, शेताची वहिवाट मुलाकडे गेली, म्हणजे आलं. साठी मानली जायची ती साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन जन्माचं संवत्सर परत येतं म्हणून. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. हे सगळे मान होते, हक्क नव्हते. त्यामुळे दोन-चार वर्षं इकडेतिकडे झाल्यानं कुणाचं काही बिघडत नसे.

वयावरून पैसा द्यायचा ठरलं की मात्र कागद लागतो. आयर्लंडमध्ये हे आपल्याआधी घडलं. ब्रिटिश संसदेनं १९०८मध्ये सत्तर वर्षांवरील गरिबांना पेन्शन मंजूर केली आणि १ जानेवारी १९०९पासून ती सुरू झाली. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सक्तीची नोंद १८६४पासूनची; सत्तरीच्या माणसाकडे दाखला येणार कुठून? मग १८४१ आणि १८५१च्या जनगणनेची बाडं चाळून नावं शोधली गेली. तिथंही नाव नसेल तर विचारपूस व्हायची, की जानेवारी १८३९चं ते मोठं वादळ तुम्हाला आठवतं का? आठवणारा सत्तरीचा धरला जाई. साहजिकच ते वादळ पुष्कळांना आठवू लागलं.

आपल्याकडचं वादळ म्हणजे रझाकार. मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला वय विचारा. तो आकडा सांगत नाही, ‘रझाकाराच्या वक्ताला मी कडेवर होतो’ असं सांगतो. मला हा पुरावा गुरुजींच्या १ जूनपेक्षा भरवशाचा वाटतो. पण तो कुठल्या खिडकीवर चालत नाही.

खिडक्यांचं तरी एकमत आहे का? समजा, एकाच्या दाखल्यावर १ जून १९६० आहे. १ जून २०२० ला तो साठ वर्षांचा झाला आणि बँकेनं त्याला ज्येष्ठ मानून मुदत ठेवीवर साधारण अर्धा टक्का जास्त व्याज देऊ केलं. प्राप्तिकर खात्यानं तर ते अख्खं आर्थिक वर्षच त्याला ज्येष्ठ धरलं. या खात्याची मर्यादाही पूर्वी पासष्ट होती. २०११च्या अर्थसंकल्पात ती साठ झाली आणि ऐंशीच्या पुढचा ‘अतिज्येष्ठ’ हा नवा वर्गही तेव्हाच आला. रेल्वेत साठीच्या पुरुषाला चाळीस टक्के सवलत असे. ती करोनाच्या तोंडावर २० मार्च २०२०पासून थांबली, ती थांबलीच. आपला माणूस ७३ दिवसांनी हुकला. गुरुजींनी १ जूनऐवजी १ मार्च लिहिलं असतं तर निदान एखादी आठवडाभराची यात्रा स्वस्तात झाली असती!

एसटीचं गणित आणखी वेगळं. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात २०१८मध्ये पासष्टचं साठ झालं, पण एसटीचं अर्धं तिकीट पासष्टलाच राहिलं. बँकेनं ज्येष्ठ केलेला हा माणूस हिंगोलीच्या गाडीत आणखी पाच वर्षं पूर्ण भाडं देत राहिला. ज्या सवलतीसाठी पैसा साठवलेला असावा लागतो ती आधी, आणि ज्याच्याकडे खिशातल्या भाड्यापलीकडे काही नाही त्याची नंतर, असा हा क्रम आहे. तो मुद्दाम लावलेला नसेल. प्रत्येक खात्यानं आपापली तिजोरी पाहून वय ठरवलं, एवढंच.

सगळ्यात अडचण शाळेचं तोंडच न पाहिलेल्या बायांची. त्यांच्याकडे चुकीची तारीखही नाही. आधारची नोंद करताना कागद नसेल तर सांगितलेली तारीख किंवा अंदाजे वय घेण्याची सोय होती. रझाकाराच्या वेळी कडेवर असलेली, म्हणजे १९४६-४७च्या सुमाराची एखादी बाई घ्या. अंदाजानं तिचं वय चार-पाच वर्षं कमी पडलं आणि कार्डावर १९५१ हे साल आलं. ऑगस्ट २०२२अखेर एसटीनं पंचाहत्तरीपुढच्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हणून मोफत प्रवास दिला, तेव्हा ती खरं तर पंचाहत्तरीला आलेली किंवा ती ओलांडलेली. पण कंडक्टर कार्ड पाहणार. त्या कार्डाप्रमाणे ती २०२६मध्ये पंचाहत्तर होते. तोवर अर्धं तिकीट. बरं, मार्च २०२३पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे ही आजी आणि शेजारच्या सीटवरची तिची नात, दोघींना सवलत सारखीच.

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये, एका अपघात भरपाईच्या दाव्यात, वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. म्हणजे फिरून गुरुजींचा १ जूनच. आजीकडे तोही नाही.