‘दार लावून’ की ‘दार लावताना’?

एक साधं फ्रेंच वाक्य घेऊ: ‘एल आ सूरी आं फेर्मां ला पोर्त.’ ती हसली, आणि त्या हसण्याला दार लावण्याची क्रिया जोडलेली आहे. ही जोडणी करणारा शब्द म्हणजे ‘आं’. त्याच्यापुढे क्रियापदाचं ‘-आं’नं संपणारं रूप येतं. या जोडीला फ्रेंच व्याकरणात ‘जेराँदिफ’ म्हणतात.

कथेचा अनुवाद करताना असं वाक्य आलं की मी थबकते. ‘ती दार लावून हसली’ म्हटलं, तर दार आधी लागलं. हसू दाराआड राहिलं, खोलीतल्या माणसाला ते दिसलंच नाही. ‘दार लावताना हसली’ म्हटलं, तर ते हसू त्याला दिसलं असेल. पुढची सगळी गोष्ट त्या हसण्यावर उभी असेल, तर हा फरक केवढा मोठा आहे! इथे ‘लावताना’च हवं, कारण फ्रेंच रूपात दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात.

आपल्या हाताला ‘-ऊन’ आधी लागतो, कारण तो फार जुना आणि सवयीचा आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ म्हणजे ‘करून’. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘करूनि’ भेटतं. एक काम आटपलं, मग दुसरं, ही त्याची मूळ चाल. जेवून झोपला, उठून गेला.

फ्रेंचची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये दोन रूपं होती. ‘कांतांदो’ म्हणजे गाता गाता, गाण्याच्या क्रियेने. ‘कांतांतेम’ म्हणजे गाणाऱ्याला. पहिलं क्रियेला चिकटणारं, दुसरं माणसाला. शतकानुशतकं शब्दांची शेपटं झिजली आणि फ्रेंचमध्ये दोन्हींचं एकच ‘शांतां’ झालं. आता ते क्रियेबद्दल आहे की माणसाबद्दल, हे कळणार कसं? जुन्या फ्रेंचमध्ये ‘आं’ लावणं ऐच्छिक होतं. पुढे क्रियेशी जोडायचं असेल तर तो लावायचाच, असं ठरत गेलं. त्याच काळात, 1679 साली, फ्रेंच अकादमीने दुसऱ्या, म्हणजे माणसाला चिकटणाऱ्या रूपाला लिंग-वचनाचे प्रत्यय लावायचे नाहीत असा निर्णय दिला. मग दोघांतला डोळ्यांना दिसणारा फरक ‘आं’ एवढाच उरला. ‘शमँ फेझां’, म्हणजे वाटेने जाता जाता, यासारखे काही जुने वाक्प्रचार मात्र ‘आं’शिवायच टिकून राहिले.

या एका ‘आं’वर किती भार आहे ते बघा. ‘सिनेमातून बाहेर पडताना मी त्याला पाहिलं.’ बाहेर कोण पडत होतं? मराठीत आपण संदर्भावर सोडून देतो. फ्रेंचमध्ये ‘आं सॉर्तां’ असेल तर नियमाने ‘मी’, नुसतं ‘सॉर्तां’ असेल तर बहुधा ‘तो’. अनुवादात हे काम मी शब्दक्रमाकडे सोपवते: ‘बाहेर पडताना मला तो दिसला’ आणि ‘मला तो बाहेर पडताना दिसला’. दुसऱ्यात बाहेर पडणारा तोच, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘बाहेर पडून’ तर चालणारच नाही. ‘बाहेर पडून मला तो दिसला’ हे कानालाच खटकतं, कारण ‘-ऊन’ला दोन्ही क्रियांचा कर्ता सहसा एकच लागतो.

म्हणून ‘-ऊन’ टाळायचा का? मुळीच नाही. ‘रेडिओ ऐकून तो फ्रेंच शिकला’ हे ‘आं एकूतां’चं उत्तम मराठी आहे. इथे ‘-ऊन’ आधी-नंतर सांगत नाही, साधन सांगतो. ‘रेडिओ ऐकताना शिकला’ म्हटलं, तर शिकणं योगायोगाने झालं असं वाटेल. उलट ‘आं पार्तां’ने सुरू होणारं वाक्य कधी अट असते: सहाला निघालास तर वेळेवर पोचशील. तिथे ‘निघताना’ही नाही नि ‘निघून’ही नाही, सरळ ‘तर’ लागतो.

फ्रेंचमध्ये हे सगळं एकाच रूपात मावतं. वेळ, साधन की अट, हे वाचणारा ठरवतो, आणि न ठरवताही पुढे जाऊ शकतो. मराठीत ‘-ताना’, ‘-ऊन’, ‘-त’, ‘तर’ यांतलं एक उचलावंच लागतं. लेखकाने मुद्दाम धूसर ठेवलेलं अनुवादकाला उघड करावं लागतं, आणि मला ते नेहमीच आवडतं असं नाही.

एक पळवाट मात्र सुरेख आहे. ‘लापेती व्यँ आं मांझां’ ही फ्रेंच म्हण. भूक ‘येते’, पण खाणारा दुसराच कुणी, म्हणजे एकाच कर्त्याचा नियम इथे मोडलेला आहे. म्हणी नियमापेक्षा जुन्या वळणाने चालतात. मराठीत ‘खाऊन भूक लागते’ म्हटलं तर विनोद होईल. ‘खाताना भूक लागते’ जरा कोरडं वाटतं. ‘खाता खाता भूक लागते’ म्हटलं की काम झालं. ‘-ता’ची ही दुरुक्ती वेळही सांगते आणि हळूहळू होणारा परिणामही. कर्ता कोण, हे ती विचारतच नाही. दाराच्या वाक्याला मात्र ती लागत नाही. ‘दार लावता लावता हसली’ म्हटलं की दार फारच सावकाश लागतं.